ट्रेमधली भाजीपाला रोपे: लागवडीच्या तारखेवर चालणारी रोपवाटिका

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर या पिकांचे बी सहसा थेट शेतात पेरत नाहीत. आधी रोप तयार होते, मग त्याची लागवड होते. पूर्वी शेतकरी हे रोप आपल्याच विहिरीजवळ, गादीवाफ्यावर टाकत. बी मूठभर जास्त पडले तरी फारसे बिघडत नसे. संकरित बियाणे आले आणि एकेका बियाला मोल आले. वाफ्यावर दाट उगवलेली रोपे उपटताना मुळे तुटतात, लावल्यावर आठवडाभर माना टाकतात आणि काही मरतात. प्रो-ट्रेमध्ये प्रत्येक बियाला स्वतंत्र कप्पा मिळतो. रोप मुळांच्या गड्ड्यासह निघते आणि शेतात लगेच वाढीला लागते. म्हणूनच नारायणगाव-जुन्नर, संगमनेर, पिंपळगाव बसवंत, बारामती अशा भाजीपाल्याच्या पट्ट्यांत रोपे तयार करून देणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. कांद्याचे रोप मात्र आजही बहुतेक ठिकाणी गादीवाफ्यावरच तयार होते, कारण एका एकराला लाखांच्या घरात रोपे लागतात आणि ती ट्रेमध्ये परवडत नाहीत.

या व्यवसायातला माल साठवून ठेवता येत नाही. टोमॅटोचे रोप साधारण 25 दिवसांत लागवडीला येते आणि पुढचा आठवडाभरच ते उत्तम अवस्थेत राहते. त्यानंतर कप्प्यात मुळांची गुंडाळी होते, खोड कडक होते, कधी ट्रेमध्येच फूल दिसू लागते. त्यामुळे रोपवाटिकेतला प्रत्येक निर्णय शेतकऱ्याच्या लागवडीच्या तारखेपासून मागे मोजत घ्यावा लागतो. जागा, बियाणे आणि आगाऊ नोंदणी या तिन्ही गोष्टी या एका हिशेबात बसवाव्या लागतात.

जागा आणि आडोसा

रोपवाटिकेसाठी उंचावरची, पाण्याचा निचरा होणारी आणि ट्रॅक्टर किंवा टेम्पो दारापर्यंत येईल अशी जागा लागते. शेजारी टोमॅटो-मिरचीचे जुने पीक उभे नसावे. तिथली पांढरी माशी आणि फुलकिडे सगळ्यात आधी कोवळ्या रोपांवर येतात.

सुरुवातीला दहा गुंठे, म्हणजे सुमारे 1000 चौरस मीटरचे शेडनेटगृह पुरेसे होते. वर 50 टक्के सावली देणारी जाळी आणि चारही बाजूंना 40 किंवा 50 मेशची कीटकरोधक जाळी लावतात. नुसती हिरवी शेडनेट ऊन अडवते, पांढरी माशी अडवत नाही, आणि टोमॅटोचा पर्णगुच्छ हा विषाणूरोग पसरतो तो याच माशीमुळे. रोपावस्थेत लागण झाली तर लक्षणे बहुधा शेतात गेल्यावर दिसतात. तोवर रोपवाटिकेचा हिशेब मिटलेला असतो आणि शेतकऱ्याचा प्लॉट वाया जाण्याच्या मार्गावर असतो. म्हणून प्रवेशाला एकामागोमाग एक अशी दोन दारे ठेवतात आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाहीत. पावसाळ्यासाठी ट्रेवर कमानी रोवून प्लॅस्टिक ओढण्याची सोय लागते. जोराची सर थेट पडली तर बारीक बी कप्प्यातून उडते आणि उगवलेले रोप आडवे होते.

जमिनीवर तणरोधक कापड किंवा जाड प्लॅस्टिक अंथरतात. ट्रे मातीला टेकले की मुळे खालच्या भोकांतून मातीत शिरतात, उचलताना तुटतात आणि मातीतली बुरशी ट्रेमध्ये येते. एक ट्रे साधारण अर्धा मीटर लांब आणि पाव मीटरहून थोडा जास्त रुंद असतो. मधल्या वाटा सोडून दहा गुंठ्यांत एका वेळी सुमारे 4000 ट्रे मावतात. महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये सुरू केलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतही 1000 चौरस मीटरच्या शेडनेटगृहाचा आराखडा धरून निम्म्या खर्चाचे अनुदान ठेवले गेले. अर्ज करण्यापूर्वी योजनेची चालू स्थिती आणि अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्याव्यात.

पाणी विहिरीचे असो वा बोअरचे, त्यातील क्षारांची तपासणी आधी करून घेणे आवश्यक असते. कप्प्यात मूठभरही माध्यम नसते, त्यामुळे क्षार पटकन साचतात. ट्रेच्या वरच्या थरावर पांढरट पापुद्रा आणि पानांच्या कडा करपणे ही त्याची खूण आहे.

ट्रे आणि कोकोपीट

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी आणि फ्लॉवरसाठी 98 किंवा 104 कप्प्यांचे ट्रे वापरतात. कलिंगड, खरबूज, काकडी यांचे बी मोठे आणि पाने रुंद असतात, म्हणून त्यांना 70 किंवा 50 कप्प्यांचे ट्रे बरे पडतात. कप्पे वाढले की एका ट्रेत जास्त रोपे बसतात, पण मुळांना जागा कमी मिळते आणि रोप ट्रेमध्ये थांबवून ठेवण्याची मुभाही कमी होते. ट्रे पुन्हा वापरायचे असल्यास जुने कोकोपीट झाडून, धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात बुडवून उन्हात वाळवतात. ही पायरी टाळली की मागच्या खेपेतली मर पुढच्या खेपेत हमखास येते.

माध्यम म्हणून नारळाच्या काथ्यापासून निघणारा भुसा, म्हणजे कोकोपीट वापरतात. ते केरळ-तमिळनाडूकडून पाच किलोच्या दाबलेल्या विटांच्या रूपात येते. पाण्यात भिजवल्यावर एक वीट फुगून साधारण 20 ते 25 ट्रे भरतात. स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ जास्त असते. ते दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुऊन निथळावे लागते. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये उगवण कमी होते आणि उगवलेली रोपे पिवळी, खुरटी राहतात. दोष मात्र बियाण्यावर जातो. ओलावा पुरेसा आहे की नाही हे मुठीत दाबून कळते: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

कोकोपीट पाणी धरते, हवा खेळू देते, पण त्यात अन्न जवळपास नसते. म्हणून पहिले खरे पान आल्यावर विद्राव्य खत हलक्या मात्रेत द्यावे लागते.

बियाणे: कुठून, कसे, कोणाच्या जबाबदारीवर

रोपाच्या खर्चातला मोठा वाटा बियाण्याचा असतो आणि वादाचे मूळही बहुतेक वेळा तिथेच असते. बियाणे दोन मार्गांनी येते. पहिल्या मार्गात शेतकरी स्वतः पाकिटे आणून देतो आणि रोपवाटिका फक्त रोप तयार करण्याची मजुरी घेते. दुसऱ्यात रोपवाटिका बियाणे आणते आणि तयार रोप विकते. पहिल्या मार्गात वाणाची निवड आणि उगवणीची जोखीम शेतकऱ्याची असते, दुसऱ्यात रोपवाटिकेची. हे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट झाले नाही, तर कमी उगवलेल्या ट्रेचे पैसे कोणी द्यायचे यावर भांडण ठरलेले.

बियाणे परवानाधारक विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्यावे. बिलावर वाणाचे नाव आणि लॉट क्रमांक असलाच पाहिजे. खासगी कंपन्यांचे बहुतेक संकरित बियाणे सत्यप्रत असते, म्हणजे लेबलवरच्या माहितीची जबाबदारी उत्पादकाची असते. प्रमाणित बियाण्याला प्रमाणीकरण यंत्रणेचे निळे लेबल लागते. कोणत्याही पाकिटावर चाचणीची तारीख, वापराची अंतिम मुदत, शुद्धता आणि उगवण टक्केवारी वाचून घ्यावी. देशातील बियाणे मानकांनुसार टोमॅटो, वांगी आणि कोबीची किमान उगवण 70 टक्के, फ्लॉवरची 65 आणि मिरचीची 60 टक्के धरली आहे. ही कायद्याने मान्य किमान पातळी आहे. रोपवाटिकेला परवडणारी पातळी तिच्याहून बरीच वर असते.

ते एका साध्या हिशेबावरून दिसते. समजा, टोमॅटोच्या 3000 बियांच्या पाकिटाची किंमत 1200 रुपये आहे, म्हणजे एक बी 40 पैशांना पडले. 100 पैकी 85 बियांपासून लावण्याजोगी रोपे मिळाली, तर प्रत्येक रोपामागे बियाण्याचा खर्च 47 पैसे होतो. 70 मिळाली तर तो 57 पैशांवर जातो. शिवाय रिकाम्या कप्प्यांनी कोकोपीट, पाणी, मजुरी आणि जागा खाल्लेलीच असते. म्हणून नवा लॉट आला की शंभर बियांचा एक ट्रे आधी पेरून पाहण्याची पद्धत चांगली. टोमॅटोचे चित्र आठ-दहा दिवसांत स्पष्ट होते, मिरचीला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. त्यासाठी बियाणे पेरणीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी हातात हवे.

संकरित वाणाच्या फळातून काढलेले बी पुढच्या हंगामात पेरू नये. त्यातून निघालेली झाडे एकसारखी राहत नाहीत. फळाचा आकार, तोडणीचा काळ, रोगप्रतिकारकता सगळे विखुरते. सरळ वाणांचे बी धरता येते. कृषी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या वाणांचाही विचार करता येतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा टोमॅटोतला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. तरी शेतकरी कोणता वाण मागतो हे त्याच्या बाजारपेठेवर ठरते: दूरच्या बाजारासाठी जाड सालीचे टणक फळ, जवळच्या बाजारासाठी वेगळे. रोपवाटिकेने परस्पर वाण बदलणे हा विश्वासाला सर्वात मोठा तडा असतो.

रिकामी पाकिटे, बिले आणि प्रत्येक लॉटमधले थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. बियाणे कायदा, 1966 मध्ये ‘बियाणे’ या शब्दाच्या व्याख्येत रोपांचाही समावेश आहे. पीक फसले आणि तक्रार तालुकास्तरीय समितीकडे गेली, तर बियाणे कुठून आले याचा पुरावा रोपवाटिकेलाही द्यावा लागतो.

पेरणीपासून उचलीपर्यंत

भरलेल्या ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल खळगा पाडून एकच बी टाकतात आणि वर कोकोपीटचा पातळ थर देतात. कंपनीच्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशकाचा लेप असतो, त्यावर पुन्हा प्रक्रिया करू नये. घरच्या सरळ बियाण्याला मात्र बीजप्रक्रिया हवी. पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकने झाकतात. आत ऊब आणि ओल टिकते व उगवण एकसारखी होते.

रोपवाटिकेत सगळ्यात डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते ती या रासीतून ट्रे बाहेर काढण्याची वेळ. कोबी-फ्लॉवर दोन दिवसांत अंकुरते, टोमॅटो तीन-चार दिवसांत, वांगी त्यानंतर, आणि मिरचीला पाच ते सात दिवस लागतात. वरचा थर फोडून पहिले अंकुर दिसू लागले की ट्रे ताबडतोब पसरावेत. एक दिवस उशीर झाला तरी अंधारात रोपे पांढरट आणि लांबट होतात. त्यांचे खोड पुढे कधीच जाड होत नाही. मे महिन्यात प्लॅस्टिकखाली तापमान फार वाढते, म्हणून ही रास सावलीतच ठेवावी लागते.

पाणी सकाळी बारीक झारीने देतात, उन्हाळ्यात दुपारनंतर पुन्हा एकदा. संध्याकाळी पाने ओली राहू देत नाहीत. कडेचे ट्रे आधी वाळतात, मधले ओले राहतात. सगळ्यांना सारखेच पाणी देणारा मजूर कडेची रोपे खुरटवतो आणि मधल्या रोपांना मर लावतो. मर लागलेले रोप जमिनीलगत पाणचट होऊन कोलमडते आणि ट्रेमध्ये असे गोल पट्टे दिसू लागतात. असे ट्रे लगेच वेगळे करून पाणी कमी करणे हा पहिला उपाय, बुरशीनाशक त्यानंतर. काम करणाऱ्याने तंबाखू मळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावू नये. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू स्पर्शानेच रोपांत जातो.

शेवटच्या पाच-सात दिवसांत पाणी थोडे कमी करतात, नत्र थांबवतात आणि जाळी बाजूला सारून रोपांना ऊन दाखवतात. याला रोपे कणखर करणे म्हणतात. हे न करता गेलेली हिरवीगार, मऊ रोपे शेतातल्या पहिल्याच उन्हात माना टाकतात. पुरे वाढलेले टोमॅटोचे रोप 12 ते 15 सेंटिमीटर उंच असते, त्याला चार-पाच खरी पाने असतात, आणि खोड धरून हलकेच ओढले की पांढऱ्या मुळांनी बांधलेला कोकोपीटचा गड्डा अख्खा बाहेर येतो. गड्डा फुटला तर रोप कच्चे आहे. मुळे तपकिरी आणि गच्च गुंडाळलेली असतील तर ते जुने झाले आहे.

आगाऊ नोंदणी: एका एकराचा हिशेब

एका शेतकऱ्याला 25 जूनला एक एकर टोमॅटो लावायचा आहे असे धरू. दोन ओळींत पाच फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवले, तर एकरात सुमारे 5800 रोपे बसतात. लावल्यावर काही रोपे मरतात. ते नांगे भरण्यासाठी पाच टक्के जादा धरले की गरज 6100 रोपांची होते. पेरलेल्या शंभर कप्प्यांतून 85 चांगली रोपे मिळतील या हिशेबाने सुमारे 7200 कप्पे पेरावे लागतील, म्हणजे 104 कप्प्यांचे 70 ट्रे. त्यासाठी 3000 बियांची तीन पाकिटे लागतात आणि थोडे बी उरते. कोकोपीटच्या तीन ते चार विटा पुरतात.

आता तारखा. टोमॅटोचे रोप 25 दिवसांचे, म्हणून पेरणी 31 मेला. नवा लॉट आधी पेरून पाहायचा तर बियाणे 17 मेपर्यंत रोपवाटिकेत हवे. म्हणजे नोंदणी मेच्या पहिल्या पंधरवड्यातच पक्की व्हायला हवी. त्याच शेतकऱ्याला त्याच दिवशी मिरचीही लावायची असेल तर ती 40 दिवस घेते, तिची पेरणी 16 मेला आणि नोंदणी एप्रिलअखेर. कोबी-फ्लॉवरला तीन ते साडेतीन आठवडे, वांग्याला महिनाभर, कलिंगड-काकडीला जेमतेम दोन आठवडे. नोंदवहीत लागवडीच्या तारखेशेजारी पेरणीची तारीख लिहिलेली असली की कोणत्या दिवशी किती ट्रे भरायचे आणि किती जागा मोकळी होणार हे वही उघडताच दिसते.

नोंदणीच्या वेळी ठरलेल्या रकमेपैकी काही भाग आगाऊ घेतात. रोपवाटिका बियाणे आणणार असेल तर ही आगाऊ रक्कम निदान बियाण्याची किंमत भागवील एवढी हवी. ऑर्डर रद्द झाल्यास रोपे दुसऱ्याला जातीलच असे नसते, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला वेगळा वाण हवा असतो. पावतीवर पीक, वाण, लॉट क्रमांक, बियाणे कोणी आणले, रोपांची संख्या, पेरणीची आणि उचलीची तारीख, दर, जमा रक्कम आणि बाकी हे सगळे असावे. दर पेरलेल्या कप्प्यांवर आहे की मोजून दिलेल्या चांगल्या रोपांवर, हेही लिहावे. 70 ट्रेमध्ये या दोहोंत हजाराहून जास्त रोपांचा फरक पडतो. उगवण ठरलेल्यापेक्षा कमी झाली तर पैसे परत मिळणार की पुढच्या खेपेत रोपे मिळणार, तेही एका ओळीत नोंदवलेले बरे.

पाऊस लांबला तर

जूनच्या नोंदण्यांमध्ये सगळ्यात मोठी अनिश्चितता पावसाची असते. ठिबक आणि विहिरीचे पाणी असलेला शेतकरी ठरल्या दिवशी रोपे उचलतो. पावसावर अवलंबून असलेला फोन करून आठवडा मागतो. पाणी कमी करून, नत्र थांबवून आणि ट्रे विरळ पसरून टोमॅटोचे रोप चार-पाच दिवस, फार तर आठवडाभर थोपवता येते. त्याहून पुढे गेलेले रोप लावले तर ते जगते, पण फांद्या कमी फुटतात आणि उत्पादन घटते. म्हणून उचलीच्या तारखेनंतर किती दिवस रोपे राखली जातील आणि त्यानंतर त्यांचे काय होईल, ही अट नोंदणीतच घालावी लागते.

यावर उपाय म्हणजे पेरणीचे टप्पे पाडणे. पाण्याची खात्री असलेल्यांच्या नोंदण्या तारखेप्रमाणे पेरायच्या. पावसाच्या भरवशावरच्या नोंदण्या दोन टप्प्यांत, सात ते दहा दिवसांच्या अंतराने पेरायच्या. मोठ्या शेतकऱ्यालाही सगळी रोपे एकाच तारखेला न देता दोन खेपांत दिली तर त्याची लागवड आणि पुढची तोडणी दोन्ही विभागल्या जातात. ऑर्डरशिवाय स्वतःच्या अंदाजाने पेरलेले ट्रे एकूण पेरणीच्या थोड्याच भागापुरते ठेवावेत. टोमॅटोचा भाव चढला की अशी रोपे दारातूनच जातात, भाव कोसळला की ती खताच्या खड्ड्यात जातात.

उचल सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर होते. निघण्याच्या तासभर आधी रोपांना पाणी दिले की गड्डा घट्ट राहतो. ट्रे क्रेटमध्ये किंवा फळ्यांच्या कप्प्यांत ठेवतात आणि वाऱ्याने पाने फाटू नयेत म्हणून गाडी जाळीने झाकतात. गाडी भरण्याआधी शेतकऱ्याने दोन-चार ट्रे मधूनच निवडून पाहावेत: कप्पे किती रिकामे आहेत, पानांच्या खाली पांढरी माशी आहे का, पाने चुरडलेली आहेत का, मुळे पांढरी आहेत का. संख्या, वाण आणि तारीख पावतीशी जुळवून दोघांनी सही केली की व्यवहार पूर्ण होतो. शेतात पोचलेली रोपे त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओल्या बेडवर लावावीत. तोवर ट्रे सावलीत, सपाट जागी ठेवून हलके पाणी द्यावे.